फळ्यावरचे अठ्ठ्याहत्तर किलो

एम.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती एका गणितामुळे. अमरावतीच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये, विद्राव्य, म्हणजे पाण्यात पुरती विरघळणारी, खतं तयार करणारा एक छोटा कारखाना होता. मालक पंचेचाळिशीचे, बोलायला मऊ, पण घाईचे. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. मुलाखतीला आम्ही सहा जण होतो. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. पोटॅशियम नायट्रेट साठ अंशांना शंभर ग्रॅम पाण्यात एकशे दहा ग्रॅम विरघळतं, वीस अंशांना बत्तीस. साठ अंशांना संपृक्त केलेलं, म्हणजे आणखी कणभरही विरघळणार नाही असं, दोनशे दहा किलो द्रावण माझ्याजवळ आहे. ते वीस अंशांपर्यंत थंड केलं तर स्फटिक किती पडतील?

माझ्या आधीच्या दोघांनी दोनशे दहा किलो म्हणजे सगळं पाणीच धरलं, हे मला नंतर कळलं. मी म्हणाले, त्यात पाणी शंभर आणि क्षार एकशे दहा. थंड झाल्यावर पाणी शंभरच राहील, ते बत्तीस धरून ठेवील. बाकी अठ्ठ्याहत्तर किलो खाली बसेल. साहेबांनी लगेच विचारलं, सोमवारपासून याल का.

वलगावहून रोज सकाळी एसटीने यायचं, संध्याकाळी परत. काम समजायला सोपं होतं. गोदामांमध्ये ओलीने दगड झालेलं, माती आणि सुतळीचे धागे मिसळलेलं पोटॅशियम नायट्रेट साहेब विकत घेत. ते गरम पाण्यात विरघळवायचं, कापडातून गरम असतानाच गाळायचं, पसरट स्टीलच्या टाकीत थंड होऊ द्यायचं. थंड होताना स्वच्छ स्फटिक पडत, मळ मागे पाण्यात राही. स्फटिक काढायचे, थोड्या गार पाण्याने धुवायचे, वाळवायचे, पिशव्यांत भरायचे. संत्र्याच्या बागांवर फवारायला शेतकरी ते नेत. दुकानात त्याला कोणी पोटॅशियम नायट्रेट म्हणत नाही, त्यातल्या नत्र, स्फुरद आणि पालाशाच्या टक्क्यांवरून तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हणतात.

टाक्यांवर एक काका होते. साठीला आलेले, बारीक अंगाचे, बारा वर्षं तिथेच. विरघळवण्यापासून वजनापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. शिकलेले सातवीपर्यंत. माझ्याशी पहिला महिनाभर ते कामापुरतंच बोलले. मग एक दिवस त्यांनी मला टाकीजवळ बोलावलं आणि काठाशी वाढलेला एक स्फटिक हातावर ठेवला. बोटाएवढा लांब, काचेसारखा, सहा पैलूंचा. "हा आपोआप होते, बाई. आपुन फक्त हलवाचं नाई," ते म्हणाले. मी कॉलेजात एवढा मोठा कधी पाहिला नव्हता. तो मी रुमालात बांधून घरी नेला आणि आईने तो देवघरात ठेवला.

फेब्रुवारीत मी एक टाकी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः मोजली. संध्याकाळी पाचला साठ अंशांचं द्रावण भरलं, सकाळी सातला थर्मामीटर बुडवला तर वीस अंश. वाळवून वजन केलं तर शहात्तर किलो भरलं. दोन किलो धुण्यात आणि इकडेतिकडे गेले असं धरलं. पुस्तकातलं गणित आणि टाकी इतकी जुळलेली पाहून मला फार आनंद झाला. त्याच भरात मी ऑफिसमधल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एक टाकी, शंभर लिटर पाणी, स्फटिक अठ्ठ्याहत्तर किलो. साहेबांनी तो आकडा बघून मान डोलावली. पुढे ऑर्डर घेताना ते फळ्याकडे बघूनच फोनवर बोलू लागले.

तपमान मी लिहिलं नाही. मला ते लिहावंसं वाटलंच नाही.

मे महिन्यात तेल्हाऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी बारा दिवसांची रजा काढली. त्याच सुमारास परतवाड्याकडच्या संत्रा बागाईतदारांच्या एका गटाने सातशे ऐंशी किलोची ऑर्डर दिली. साहेबांनी फळा पाहिला, दहा टाक्या धरल्या आणि तारीख देऊन टाकली. हे सगळं मी गेल्यावर झालं. आणखी एक गोष्ट मी गेल्यावर झाली. मेमध्ये दुपारी वीज जाते, रात्री पहारा द्यायला माणूस नको, म्हणून त्यांनी कामाची वेळ उलटी केली. सकाळी सातला टाकी भरायची आणि संध्याकाळी पाचला स्फटिक काढून कुलूप लावायचं. शिवाय या खेपेला विकत घेतलेल्या खराब मालात साधं मीठही मिसळलेलं होतं. टाकीत उरलेलं पाणी पुन्हापुन्हा वापरलं तर त्यात मीठ वाढत जातं, म्हणून दर टाकीला नवं पाणी घ्यायचं आणि उरलेलं निळ्या ड्रममध्ये भरून ठेवायचं, असं ठरलं.

लग्न छान झालं. हाताची मेंदी पुरती उतरायच्या आत मी कामावर आले, तर टाक्यांवर काका नव्हते. त्यांच्या जागी पॅकिंगवरची दोन माणसं द्रावण भरून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दहा टाक्या झाल्या होत्या, ही अकरावी. हिशेबाने सातशे ऐंशी किलो हवे होते, पण वजनकाट्यावर चारशे साठ भरले. तीनशे वीस किलो कमी. त्यांनी पिशव्या दोनदा मोजून घेतल्या होत्या, गोदाम पाहिलं होतं. मागच्या फाटकाची किल्ली काकांकडे असते, हे ते दोनदा म्हणाले. परवा त्यांनी काकांना विचारलं होतं, माल गेला कुठे. काका म्हणाले, माल पडलाच नाही. साहेब म्हणाले, फळ्यावर लिहिलंय तेवढा पडतो, मॅडमनी मोजलाय. तेव्हा काका काही बोलले नाहीत. साहेबांनी त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

"तुमचा आकडा नसता तर मला कळलंही नसतं," साहेब मला म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

मी बाहेर आले. काकांनी माल नेला असेल, यावर माझा क्षणभरही विश्वास बसला नाही, पण विश्वास बसत नाही हे काही उत्तर नव्हतं. मी फळ्यासमोर उभी राहिले. आकडा बरोबर होता. मी तो पुन्हा मनात केला, एकशे दहा उणे बत्तीस, अठ्ठ्याहत्तर. कुठेही चूक नव्हती. एका टाकीला सेहेचाळीसच का पडावेत?

सेहेचाळीस. मी कागदावर लिहिलं. एकशे दहातून सेहेचाळीस गेले की चौसष्ट उरतात. म्हणजे शंभर किलो पाण्याने चौसष्ट किलो धरून ठेवले होते. माझ्या टेबलाच्या काचेखाली विद्राव्यतेचा आलेख होता, मीच काढलेला. बोट चौसष्टवरून आडवं नेलं आणि वक्राला लागलं तिथून खाली आणलं. खाली चाळीस लिहिलेलं होतं.

बाहेर ऊन असं होतं की शेडच्या पत्र्यांमधून कडकड आवाज येत होता. मी थर्मामीटर घेऊन टाकीजवळ गेले. साडेचार वाजले होते. सकाळपासून निवत ठेवलेल्या द्रावणात मी तो बुडवला आणि वाट पाहत उभी राहिले. पारा चाळीसवर थांबला.

मेमध्ये अमरावतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी वीस अंश कुठून येणार? भर उन्हात टाकी याहून खाली जाऊच शकत नव्हती, तिच्या भोवतीची हवाच तेवढी तापलेली होती. पुस्तकातलं वीस अंश मी फेब्रुवारीच्या सकाळी पाहिलं होतं आणि बाराही महिन्यांचं म्हणून फळ्यावर लिहून टाकलं होतं. त्या आकड्यावर एका म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवलं गेलं होतं.

पाच-दहा मिनिटं मी तिथेच थांबले. खरं सांगायचं तर, गप्प बसावं असाही विचार मनात येऊन गेला. पुढच्या टाक्या रात्री थंड करायला सांगितलं असतं, आकडा बराच जवळ आला असता, कोणाला काही कळलं नसतं. पण काका घरीच बसून राहिले असते. मग मी केबिनमध्ये गेले आणि साहेबांना म्हणाले की माल चोरीला गेलेला नाही, तो ड्रममध्ये आहे. चूक माझी आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रममध्ये तर पाणी आहे, ते म्हणाले. मी म्हणाले, मला अर्धा तास द्या आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून थोडा बर्फ मागवा.

प्रयोगशाळा म्हणजे आमचं एक टेबल, छोटा तराजू आणि चार बीकर. टाकीतलं वरचं निवळ पाणी, जे पुढे ड्रममध्ये जातं तेच, मी बीकरमध्ये मोजून घेतलं, बरोबर एकशे चौसष्ट ग्रॅम. साहेबांना सांगितलं, माझं म्हणणं खरं असेल तर यात शंभर ग्रॅम पाणी आहे आणि चौसष्ट ग्रॅम माल. हे आपण वीस अंशांपर्यंत नेऊ. शंभर ग्रॅम पाणी वीस अंशांना बत्तीसच धरतं. म्हणजे यातून बत्तीस ग्रॅम बाहेर पडायला हवेत. एका टाकीला जेवढे किलो कमी पडलेत, तेवढेच ग्रॅम.

बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवला आणि काचेच्या कांडीने ढवळत राहिले. अडतीसला काही नाही. छत्तीसला काचेवर एक बारीक रेघ उमटली. मग एकदम, जणू आतून कोणी हलवलं तसं, सगळं द्रावण सुयांनी भरून गेलं. पॅकिंगवरची माणसंही हात पुसत जवळ येऊन उभी राहिली. साहेब खुर्चीवरून उठून टेबलापाशी वाकले होते. वीस अंशांवर मी बीकर बर्फातून काढला, गाळला, स्फटिक गाळणकागदांत दाबून कोरडे केले आणि कागदासकट बाहेर उन्हात ठेवले. त्या उन्हाचा पहिल्यांदाच उपयोग झाला. पंधरा मिनिटांत ते खडखडीत वाळले.

तराजूवर साडेतीस ग्रॅम भरले.

मी म्हणाले, दीड ग्रॅम कागदाला आणि बीकरला चिकटलाय. साहेबांनी तराजूचा आकडा स्वतः वाचला. मग शेडच्या भिंतीला लागून ओळीने ठेवलेल्या दहा ड्रमांकडे गेले आणि एका ड्रमवर हात ठेवून उभे राहिले.

"तपमान बदलतं हे मला माहीत होतं की," ते शेवटी म्हणाले. "मी स्वतःच वेळ बदलली आणि तुमचा फळा तसाच वाचला. तुमच्या एकट्याची चूक नाही ही."

काकांचं घर बडनेऱ्याच्या वाटेला होतं. साहेबांनी गाडी काढली, मला बसवलं. काका ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांची सून पाणी घेऊन आली. साहेब उभ्यानेच बोलले. चूक झाली, तुमच्यावर मी उगाच संशय घेतला, उद्यापासून या, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी आकड्याची चूक कशी झाली ते सांगायला लागले, तर काकांनी हाताने थांबवलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "बारा वर्सं पाहून राहिलो. हिवाळ्यात टाकीत खोरं घुसत नाई एवढा माल पडते. मे महिन्यात तळ दिसते. मी सांगनार होतो. पन फळ्यावर लिहेल होतं ना, मॅडमनं मोजेल हाय म्हनून. मंग माया बोलन्याले काय किंमत?"

मग काका म्हणाले की ते येतील, पण तो आकडा त्यांच्यासमोर पुसायचा. साहेबांनी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर मी फळा पुसला. त्या जागी एक आकडा लिहिला नाही. दोन रकाने केले. डाव्या बाजूला टाकी कितीवर निवली ते अंश, उजव्या बाजूला शंभर लिटर पाण्यामागे पडणारा माल. चाळीसला सेहेचाळीस, तीसला चौसष्ट, वीसला अठ्ठ्याहत्तर. खाली लिहिलं की हे सगळं साठ अंशांना संपृक्त भरलं तरच. काका खुर्ची ओढून फळ्यासमोर बसले आणि एकेक ओळ बोटाने वाचत गेले. मग म्हणाले, तीस आणि चाळीसच्या मधात किती? मी त्यांना आलेख दाखवला. मधले आकडे त्यावरून कसे काढायचे ते सांगितलं. वक्र वर जाताना जास्तच उभा होतो हे त्यांनी माझ्याआधी बोलून दाखवलं: "म्हंजे गरमीत एक अंश उतरला तरी लय माल पडते. थंडीत एका अंशानं तेवढं नाई पडत." एम.एस्सी.च्या वर्गात हे असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

प्रश्न मात्र तसाच होता. सहा दिवसांनी माल परतवाड्याला द्यायचा होता, आणि मेमध्ये थंडी आणायची कुठून? साहेब म्हणाले, थंड पाणी फिरवणारं यंत्र बसवायचं तर दोन महिने लागतील. बर्फाने एवढ्या टाक्या थंड करणं झेपणार नव्हतं. मी म्हणाले, निदान रात्रभर ठेवू. पहाटे हवा तीसच्या आसपास येते, टाकी बत्तीस-तेहेतीसला तरी येईल.

काका विचार करत होते. मग त्यांनी ऑफिसच्या खिडकीतल्या कूलरकडे बोट केलं. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक घरात कूलर घरघरत असतो, कोरड्या हवेत तो खोली चांगली थंड करतो. काका म्हणाले, माणसाले थंड करते तर टाकीले काहून नाई करनार? टाकीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळायचं, वर ठिबक चालू ठेवायचं आणि कूलरची हवा त्यावर सोडायची. माठ जसा थंड होतो तशी टाकी होईल. स्टील पातळ आहे, गारवा लगेच आत जाईल.

मला ते पटलं. वऱ्हाडातल्या मे महिन्याची हवा इतकी कोरडी की ओलं कापड वाऱ्यात धरलं तर ते हवेपेक्षा कितीतरी खाली उतरतं. मी एका थर्मामीटरला ओली चिंधी बांधून कूलरसमोर धरून पाहिली. भर दुपारी तो चोवीसवर येऊन थांबला. म्हणजे टाकी तिथपर्यंत नाही, पण जवळ तरी जाऊ शकत होती.

त्या दिवशी सगळ्यांनी मिळून गोणपाट शिवलं. काकांच्या सुनेनेही घरून दोन पोती आणून दिली. साहेबांनी घरचा मोठा कूलर टेम्पोत घालून आणला, वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर जोडला आणि रात्रीच्या पहाऱ्याला एक माणूस ठेवला. गरम करायचं भांडं एकच असलं तरी थंड करायच्या टाक्या तीन होत्या. एकीत अकराव्या टाकीचं द्रावण पुन्हा तापवून भरलं, दोन टाक्यांत दोन ड्रममधलं जुनं पाणी ओतलं. ड्रमच्या तळाशी रात्रीच्या गारव्याने थोडे खडे साचले होते, तेही खरवडून घातले. संध्याकाळी पाचला काम सोडताना काकांनी टाकीच्या काठावर हात ठेवून पाहिला आणि घरी गेले.

सकाळी पहिल्या एसटीने मी गेले, तरी काका माझ्याआधी पोचलेले होते. ओलं गोणपाट, ठिबकाचा टप्टप् आवाज, कूलरची घरघर. शेडमध्ये नदीकाठासारखा वास येत होता. मी थर्मामीटर बुडवला. सव्वीस अंश. आलेखावर सव्वीसला साधारण चाळीस येतात. एकशे दहातून चाळीस गेले तर सत्तर. मी हे मोठ्याने म्हणाले नाही. थर्मामीटरवर वाकलेल्या काकांनीच फळ्याकडे न बघता विचारलं, "सत्तर ना?"

मी मान हलवली. तेवढ्यात त्यांनी खोरं घातलं आणि ते आत घुसलं नाही.

धुऊन, वाळवून अकराव्या टाकीचे अडुसष्ट किलो भरले. ड्रममधल्या पाण्यात शंभर किलो पाण्यामागे चौसष्ट होते, सव्वीसला चाळीस राहिले, म्हणून एका ड्रममागे चोवीस निघायला हवे होते. तेवीस-साडेतेवीस निघत गेले. पाच रात्रींत दहा ड्रम संपले. चारशे साठमध्ये ड्रमांचे दोनशे तेहेतीस मिळाले, अकराव्या टाकीचे अडुसष्ट आले. एकोणीस किलो कमी पडत होते, म्हणून शेवटच्या रात्री आणखी एक टाकी लावली आणि ऑर्डर पुरी करून वर एकोणपन्नास किलो शिल्लक राहिले. साहेब त्या रात्री कारखान्यात थांबले असं पहारेकऱ्याने सांगितलं.

माल गाडीत चढवताना साहेबांनी काकांना विचारलं, बारा वर्षांत तुम्ही कधी माल पोचवायला गेलात का. काका म्हणाले, नाही. साहेबांनी त्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मलाही जायला सांगितलं, कारण बागाईतदारांना प्रमाण समजावून द्यायचं होतं.

परतवाड्याच्या अलीकडे एका बागेत गट जमला होता. झाडांना लिंबाएवढी हिरवी फळं होती. बागेच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, फवारणीचं सगळं त्याच बघत. त्यांनी विचारलं, शंभर लिटरला किती? मी सांगितलं, एक किलो, पण थेट टाकीत नाही, आधी दहा लिटरच्या बादलीत नीट विरघळवून घ्या आणि मग टाकीत ओता. त्यांनी आमच्यासमोरच बादली भरली आणि पिशवी फोडून एक किलो त्यात सोडलं. काठीने ढवळलं. मोठे खडे हळूहळू बारीक होत गेले, मग दिसेनासे झाले.

काकांनी सहज बादलीला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"बाई, हे पानी गार झालं," ते मला म्हणाले.

मालकीणबाईंनीही हात लावला. खरंच गार झालं होतं, सात-आठ अंशांनी तरी. मी सांगितलं की हा क्षार विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून. बारा वर्षं काका तो गरम पाण्यातच विरघळवत आले होते, त्यामुळे हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात बादलीला लावले. मग ओला हात मानेवरून फिरवला. झाडाखाली उभे राहून ते बराच वेळ हसत होते.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, विरघळताना गरमी घेते तर पडताना सोडत असंन? मी म्हणाले, हो, टाकी निवायला उशीर होतो त्याचं एक कारण तेही आहे. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, मंग पुढच्या उन्हाळ्यात टाक्या आणखी पसरट करा लागंन, उथळ. साहेबांले मी सांगतो.

पुढच्या उन्हाळ्यात तशा टाक्या झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मी अकोल्याला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला लागले. काका आता कामावर जात नाहीत, पण त्यांची सून जाते. रोज सकाळी थर्मामीटर तीच बुडवते आणि अंश फळ्यावर लिहिते. मधूनमधून तिचा फोन येतो. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, आज एकवीस होतं, सत्त्याहत्तर पडायला पायजे होते, चौऱ्याहत्तर आले, तीन किलो कुठे गेले ते शोधून राहिले.